एका दिवसात अकराशे मेल: बाईंच्या इनबॉक्सचं प्रकरण

सांगलीत मी संगणक दुरुस्ती आणि घरगुती नेटवर्कची कामं करतो. हे प्रकरण माझ्याच शाळेच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. नाव, तारखा आणि ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. शाळेत सगळे त्यांना 'बाई' म्हणायचे, इथेही तसंच म्हणतो.

## पार्श्वभूमी

बाईंचा जीमेलचा पत्ता २००९ पासूनचा. पेन्शन, बँक, एलआयसी, गॅस, वीजबिल, नातवाच्या शाळेचे निरोप, सगळं त्याच एका पत्त्यावर येतं. नको असलेले मेल त्यांना दिवसाला तीन-चार यायचे आणि तेही बहुतेक स्पॅममध्येच पडायचे.

निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना एका मोठ्या शॉपिंग साइटचं ९,५०० रुपयांचं गिफ्ट कार्ड दिलं होतं. बाईंनी ते आपल्या खात्यात जमा करून ठेवलं होतं. नातू दहा वर्षांचा झाला की त्याला सायकल घ्यायची, असं ठरलं होतं.

पासवर्डच्या बाबतीत त्यांची पद्धत बहुतेकांसारखीच होती. कुलदैवताचं नाव, मग @, मग जन्मसाल. हा एकच पासवर्ड आठ-नऊ ठिकाणी. मेलसाठी शेवटी १ हा आकडा जास्तीचा लावलेला. सगळं डायरीच्या शेवटच्या पानावर निळ्या शाईत नीट लिहिलेलं.

## त्या सकाळी काय दिसलं

बुधवारी सकाळी साडेसहाला बाईंनी फोन हातात घेतला तेव्हा जीमेलवर ६४० न वाचलेले मेल होते आणि आकडा डोळ्यांदेखत वाढत होता. त्यांनी आधी पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काकू, कुठेतरी तुमचा आयडी लीक झालाय. एकेक उघडून अनसबस्क्राइब करा, नाहीतर सगळे सिलेक्ट करून उडवून टाका." बाईंनी दहा-बारा मेलमधल्या लिंकांवर क्लिक केलं. मेल काही थांबेनात. सव्वासातला त्यांनी मला फोन केला.

"अरे, पुराचं पाणी घरात शिरावं तसं झालंय. एक लोटा बाहेर टाकावा तर दोन आत येतात."

मी विचारलं, मेल कसले आहेत? बाईंनी वाचून दाखवले. जर्मनीतल्या एका रोपवाटिकेचं 'तुमची नोंदणी पक्की करा', ब्राझीलमधल्या जिमचं स्वागतपत्र, कुठल्या तरी चर्चचं साप्ताहिक, अमेरिकेतल्या सायकलच्या दुकानाचं वार्तापत्र. एकही लॉटरी नाही, औषधाची जाहिरात नाही, 'तुमचं खातं बंद होईल' अशी धमकी नाही.

इथेच मला शंका यायला हवी होती, आणि थोडीफार आलीही. मी म्हणालो, "बाई, आता काहीही डिलीट करू नका, कुठल्याही लिंकवर क्लिक करू नका. मी नऊपर्यंत येतो." पहिली दोन वाक्यं बरोबर होती. तिसरं चुकलं, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

## हा नेहमीचा स्पॅम नव्हता

स्पॅम वाढण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि ते वेळेत ओळखता आले पाहिजेत. पहिल्या प्रकारात पत्ता कुठल्या तरी फुटलेल्या यादीत जातो आणि पुढच्या काही आठवड्यांत रोजचे चार मेल पंधरा-वीस होतात. ते खोटे असतात, विकाऊ असतात आणि त्यातले बरेचसे जीमेल अडवतं. हा प्रकार त्रासदायक असला तरी त्यात घाई नसते.

दुसऱ्या प्रकारात काही तासांत शेकडो मेल येतात आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक मेल खरा असतो. जगभरात हजारो साइटवर 'आमच्या वार्तापत्रासाठी पत्ता द्या' अशी चौकट असते आणि बऱ्याच ठिकाणी ती माणसाने भरली की यंत्राने, याची खात्री केली जात नाही. एक छोटा प्रोग्राम तुमचा पत्ता अशा शेकडो चौकटींत भरत जातो. मग प्रत्येक साइट आपल्या खऱ्या सर्व्हरवरून तुम्हाला मेल पाठवते. बाईंच्या घरी मी त्या रोपवाटिकेच्या मेलवर `Show original` उघडून पाहिलं, तर SPF आणि DKIM दोन्हीपुढे PASS होतं. म्हणजे पाठवणारा खरा, सही खरी. जीमेलच्या चाळणीने तो मेल अडवावा तरी कशाच्या जोरावर? २०१६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या .gov पत्त्यांवर असाच भडिमार झाला होता, तेव्हा हा प्रकार बराच चर्चेत आला. इंग्रजीत याला ईमेल बॉम्बिंग म्हणतात.

असा खटाटोप कुणी विनाकारण करत नाही. एस.टी. स्टँडवर गाडी लागताना एकजण मुद्दाम धक्काबुक्की करतो, तेव्हा दुसऱ्याचा हात आपल्या खिशात असतो. मेलच्या अशा लोंढ्यातही बहुतेक वेळा एखाद-दुसरा मेल असा असतो, जो तुमच्या नजरेला पडू नये म्हणून बाकीचे हजार पाठवलेले असतात.

## पहिला निर्णय: आधी लपवलेला मेल शोधायचा

सव्वानऊला मी बाईंच्या लॅपटॉपसमोर बसलो. तोवर आकडा ९०० च्या पुढे गेला होता. बाईंचं म्हणणं होतं की आधी हा पसारा आवरू, मग बाकीचं बघू. मी उलटं सुचवलं. पसारा आवरताना पुरावाच उडाला तर चोरी कळणारही नाही.

पहिला प्रयत्न मी शब्दांवरून केला:

```
in:anywhere newer_than:2d (order OR invoice OR refund OR "gift card" OR "new sign-in")
```

`in:anywhere` घातल्याने शोध स्पॅम आणि कचरापेटीतही जातो. पण यातून दोनशेच्या वर मेल निघाले, कारण दुकानांच्या प्रत्येक स्वागतपत्रात 'पहिल्या ऑर्डरवर सूट' असतेच. ही वाट सोडून दिली. मग कागद घेतला आणि बाईंना विचारलं, "तुमचे पैसे, किंवा पैशासारखं काही, कुठे कुठे आहे?" सात नावं निघाली: दोन बँका, पेन्शन, एलआयसी, एक पेमेंट ॲप, रेल्वेची तिकिटं आणि ती शॉपिंग साइट. प्रत्येकाचं नाव `from:` पुढे लिहून शोधलं. हे दहा मिनिटांत झालं.

बँका स्वच्छ. पेमेंट ॲप स्वच्छ. शॉपिंग साइटचे मात्र तीन मेल मिळाले. २ वाजून १९ मिनिटांनी 'नव्या उपकरणावरून तुमच्या खात्यात प्रवेश झाला'. २ वाजून २६ मिनिटांनी 'तुमचं ६,००० रुपयांचं ई-गिफ्ट व्हाउचर पाठवलं आहे'. २ वाजून ३१ मिनिटांनी दुसरं, ३,५०० चं. एक पोर्तुगीज वार्तापत्राच्या वर, दुसरं कुत्र्यांच्या खाद्याच्या दुकानाखाली. आणि भडिमारातला पहिला मेल २ वाजून १० मिनिटांचा होता. म्हणजे आधी नऊ मिनिटं गर्दी जमवली आणि मग खिशात हात घातला.

बाई बराच वेळ त्या ओळींकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सायकलचे पैसे होते रे ते."

गिफ्ट कार्डची शिल्लक वापरताना त्या साइटवर ओटीपी लागत नव्हता. कार्डाने किंवा बँकेतून पैसे गेले असते तर फोनवर एसएमएस आला असता. इथे खबर देणारा एकमेव मार्ग मेल होता आणि चोराने नेमका तोच बुजवला.

## दुसरा निर्णय: मेलबॉक्समध्येच कुणी शिरलंय का?

पुढची धावपळ या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होती. मेलच ताब्यात गेला असेल तर 'पासवर्ड विसरलो' म्हणून सगळी खाती एकामागून एक उघडता येतात. आणि शॉपिंग साइटचा पासवर्ड आपण बदलला, तरी चोर तो परत बदलू शकतो.

आधी साधा तर्क केला. चोर मेलमध्ये असता तर त्याने व्हाउचरचे दोन मेल नुसते डिलीट केले असते, हजार मेल पाठवायची गरज नव्हती. भडिमार झाला यावरूनच तो बहुधा मेलच्या बाहेर आहे असं दिसतं. पण हा अंदाज झाला, म्हणून चार जागा उघडून पाहिल्या. संगणकावर जीमेलच्या पानाच्या अगदी तळाला उजवीकडे `Details` असतं, तिथे शेवटचे प्रवेश दिसतात. सगळे बाईंच्याच फोनचे आणि लॅपटॉपचे होते. सेटिंगमध्ये `Forwarding and POP/IMAP` रिकामं होतं. `Filters and Blocked Addresses` मध्ये कुणी 'अमुक शब्द असलेला मेल थेट कचऱ्यात' असा नियम घालून ठेवलेला नव्हता. चोर हा नियम आवडीने वापरतात, आणि पासवर्ड बदलला तरी तो तसाच राहतो. म्हणून ही जागा चुकवू नये.

चौथ्या जागी मात्र काहीतरी सापडलं. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबर बाईंच्या दिवंगत यजमानांचा होता आणि तो तीन वर्षांपूर्वी बंद झाला होता. बंद पडलेले नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देतात. या चोरीशी त्याचा संबंध नव्हता, पण दार उघडंच होतं. तो नंबर तिथल्या तिथे काढून बाईंचा स्वतःचा घातला.

## ग्राहकसेवेला फोन

ही तपासणी होण्याआधीच, पावणेदहाला, बाईंनी शॉपिंग साइटच्या ग्राहकसेवेला फोन लावला होता. नंबर साइटच्या ॲपमधूनच घेतला. गुगलवर शोधून मिळणारे ग्राहकसेवेचे नंबर घेऊ नयेत, त्यात खोट्यांची भर फार आहे. बारा मिनिटांनी माणूस मिळाला. त्याने खातं गोठवलं आणि सांगितलं की ३,५०० चं व्हाउचर अजून वापरलेलं नाही, ते रद्द करतो. ६,००० चं मात्र सकाळी ८ वाजून १२ मिनिटांनी वापरलं गेलं होतं.

त्यानंतर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आणि cybercrime.gov.in वर तपशील भरून पोचपावतीचा क्रमांक घेतला. बँकेतून गेलेले पैसे वाटेत अडवण्यासाठी १९३० चा जेवढा उपयोग होतो, तेवढा गिफ्ट व्हाउचरच्या बाबतीत होईल अशी मला आशा नव्हती. पण पुढच्या पत्रव्यवहारात पोचपावती लागते.

## पासवर्ड कुठून गेला?

आता कुठे 'पत्ता लीक झालाय का' या प्रश्नाची पाळी आली. पुतण्याने सकाळी हेच म्हटलं होतं आणि ते खरंही होतं, फक्त ते दिवसाचं पहिलं काम नव्हतं.

यासाठी मी haveibeenpwned.com ही साइट वापरतो. ऑस्ट्रेलियातले सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ च्या डिसेंबरमध्ये ती सुरू केली. तिथे फक्त मेल पत्ता टाकायचा, पासवर्ड नाही. फुटून बाहेर आलेल्या कोणकोणत्या माहितीत तो पत्ता आहे याची यादी येते. बाईंच्या पत्त्यापुढे दोन नोंदी आल्या.

नुसता 'दोन' हा आकडा बघून घाबरण्यात किंवा निश्चिंत होण्यात अर्थ नाही. प्रत्येक नोंदीत `Compromised data` म्हणून एक ओळ असते, ती शांतपणे वाचायची. पहिली नोंद एका भारतीय ऑनलाइन सेवेची होती. टाळेबंदीत बाईंनी तिच्यावर खातं उघडलं होतं आणि नंतर विसरूनही गेल्या होत्या. त्यात मेल, नाव, फोन नंबर, घरचा पत्ता आणि पासवर्ड एवढं गेलं होतं. दुसरी नोंद कुठल्याच कंपनीची नव्हती. ती वेगवेगळ्या गळतींतून जमवलेल्या मेल-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती. अशा याद्या घेऊन यंत्राने प्रत्येक जोडी शेकडो साइटवर लावून बघतात. जिथे तोच पासवर्ड वापरलेला असेल तिथे कुलूप उघडतं.

बाईंनी रास्त प्रश्न विचारला: "तिथे पासवर्ड सांकेतिक करून ठेवतात म्हणतात ना? मग तो वाचला कसा?" कंपन्या पासवर्ड जसाच्या तसा सहसा ठेवत नाहीत, त्याचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला एक ठसा ठेवतात. हॅश उलटा फिरवून मूळ शब्द काढता येत नाही. पण चोर उलटा जातच नाही. तो देवांची नावं, गावांची नावं, आडनावं घेतो, पुढे @ आणि १९४० ते २०१० मधलं प्रत्येक साल लावतो, प्रत्येकाचा हॅश काढतो आणि जुळतो का बघतो. कुलदैवत आणि जन्मसाल ही जोडी त्यात लवकरच सापडते.

मग त्याच साइटच्या Pwned Passwords या पानावर बाईंचा जुना पासवर्ड तपासला. इथे मी स्वतः आधी कचरतो, कारण 'तुमचा पासवर्ड सुरक्षित आहे का ते बघा' म्हणणाऱ्या अनोळखी साइटवर पासवर्ड लिहिणं म्हणजे चोराच्या हातात किल्ली देणं. या पानाची रीत वेगळी आहे. तुमच्या ब्राउझरमध्येच पासवर्डचा SHA-1 हॅश तयार होतो आणि त्यातली फक्त पहिली पाच अक्षरं बाहेर जातात. उदाहरणार्थ, password या शब्दाचा हॅश 5BAA61E4 असा सुरू होतो, तर विचारणा एवढीच होते:

```
https://api.pwnedpasswords.com/range/5BAA6
```

उत्तरात त्या पाच अक्षरांनी सुरू होणारे शेकडो हॅश येतात आणि आपला त्यात आहे का, हे आपलाच संगणक बघतो. समोरच्याला नेमका शब्द कळत नाही.

फुटलेल्या पासवर्डांच्या त्या यादीत बाईंचा पासवर्ड सापडला, तीन वेळा. 123456 सारखा पासवर्ड अगणित वेळा सापडतो आणि त्यावरून कुणाबद्दलच काही कळत नाही. पण एका विशिष्ट कुलदैवताचं नाव आणि एक विशिष्ट साल जगात फक्त तीनदा दिसत असेल, तर त्यातला एक बाईंचाच असण्याची शक्यता मोठी. खात्री नाही, कारण या यादीत पासवर्डला मेल पत्ता जोडलेला नसतो. मेलसाठीचा, शेवटी १ लावलेला पासवर्ड सापडला नाही. तेवढ्या एका आकड्यामुळे मेल वाचला असावा. पण हे कुलूप नव्हे, नशीब. पुढच्या फेरीत यंत्र शेवटी १ लावून बघतंच.

या तपासणीच्या मर्यादा बाईंना सांगितल्या, त्या इथेही सांगतो. गळती होते त्या दिवशी नोंद होत नाही. लिंक्डइनमधून २०१२ मध्ये पासवर्ड गेले, पण १६ कोटींहून जास्त पत्त्यांची ती माहिती २०१६ च्या मे महिन्यात बाहेर आली. त्यामुळे 'काही सापडलं नाही' याचा अर्थ 'अजून हाती आलेलं नाही' एवढाच घ्यायचा. काही संवेदनशील साइटच्या नोंदी उघड शोधात दाखवत नाहीत, त्या पाहायला आपल्या मेलवर आलेल्या लिंकने पत्ता आपलाच असल्याचं सिद्ध करावं लागतं. बाईंसाठी आम्ही तेही केलं आणि पुढची गळती सापडल्यास सूचना येईल अशी व्यवस्था केली. आणि नोंदीत stealer logs असं लिहिलेलं असेल तर प्रकरण वेगळं असतं. मग पासवर्ड कंपनीकडून नव्हे, तर संसर्ग झालेल्या संगणकावरून चोरलेला असतो, आणि त्याच संगणकावर बसून नवा पासवर्ड टाकला तर तोही जातो. बाईंच्या यादीत ते नव्हतं, म्हणून त्यांच्याच लॅपटॉपवर पुढचं काम केलं.

## पत्ताच बदलावा का?

बाईंची इच्छा होती की हा पत्ता टाकून नवा घ्यावा. पुतण्याचंही तेच मत. मी विरोध केला. चूक पासवर्डची आणि शिक्षा पत्त्याला, हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आम्ही मोजलं तर एकोणीस ठिकाणी तो पत्ता दिलेला होता, त्यातल्या पाच ठिकाणी बदलायला प्रत्यक्ष जाऊन अर्ज करावा लागला असता. एखादं ठिकाण राहून गेलं की त्याची सूचना बेवारस पत्त्यावर जाणार, म्हणजे चोराला हवं ते आपणच करून देणार. शिवाय असा भडिमार कायमचा टिकत नाही. बऱ्याच साइट 'नोंदणी पक्की करा' म्हणतात आणि आपण काहीच केलं नाही की गप्प बसतात.

नवा पत्ता घेणं योग्य असतं ते रोज वर्षभर छळ चालू असेल, किंवा मेलच ताब्यातून गेला असेल तेव्हा. इथे दोन्ही नव्हतं.

त्याऐवजी दोन फिल्टर घातले. पहिला दोन्ही बँका, पेन्शन आणि शॉपिंग साइट यांच्यासाठी: `Never send it to Spam`, आणि महत्त्वाचा म्हणून खूण. दुसरा लोंढ्यासाठी:

```
subject:("confirm your subscription" OR newsletter OR bestätigen OR suscripción)
```

यात सापडलेले मेल डिलीट केले नाहीत. इनबॉक्समधून बाजूला काढून 'पूर' नावाच्या लेबलखाली ठेवले. हे नाव बाईंनीच दिलं. २००५, २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा पूर बघितलेल्या माणसाला दुसरं नाव सुचणार तरी कुठून? फिल्टरने अंदाजे दोन तृतीयांश मेल पकडले. उरलेले चार-पाच दिवसांत हाताने त्यात टाकले. आठवडाभराने, त्यात कामाचं काही नाही हे बघून झाल्यावर, जी वार्तापत्रं येतच राहिली ती जीमेलच्या स्वतःच्या `Unsubscribe` बटणाने बंद केली. हे बटण पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी असतं. मेलच्या आतल्या लिंका आम्ही वापरल्या नाहीत, कारण हजार खऱ्यांमध्ये दोन-चार खोटे मिसळलेले असू शकतात.

## काय काय बदललं

क्रम महत्त्वाचा होता. शॉपिंग साइट गोठवलेली होती, म्हणून सगळ्यात आधी मेल. नवा पासवर्ड म्हणजे एकमेकांशी काही संबंध नसलेले चार मराठी शब्द, रोमन लिपीत. बाईंनी शब्दकोश डोळे मिटून चार वेळा उघडला. मग पासवर्डनंतर फोनवरूनही खात्री करून घेणारी दुपदरी पडताळणी सुरू केली आणि जीमेल देतं ते दहा राखीव कोड कागदावर छापून कपाटात ठेवले. फोन हरवला तर तेच उपयोगी पडतात.

नंतर शॉपिंग साइट. पासवर्ड बदलून 'सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा' हेही केलं, कारण नुसत्या पासवर्ड बदलाने आत बसलेला माणूस प्रत्येक साइटवर बाहेर निघतोच असं नाही. खात्यातले घरचे पत्तेही पाहिले. अनोळखी पत्ता घातलेला नव्हता. मग तो जुना पासवर्ड असलेली उरलेली ठिकाणं, पैशाशी जवळची आधी. टाळेबंदीतलं ते विसरलेलं खातं बंद करून टाकलं.

डायरी मात्र तशीच ठेवली. पुतण्याला ते पटलं नाही. पण बाईंच्या कपाटातली डायरी ब्राझीलमधल्या कुणाच्या हाती लागणार नाही. धोका लिहून ठेवण्यात नव्हता, एकच पासवर्ड आठ ठिकाणी लिहिण्यात होता. आता प्रत्येक ओळीत वेगळा आहे.

## पुढे काय झालं

पहिल्या चोवीस तासांत ११८० मेल आले, दुसऱ्या दिवशी चारशेच्या आसपास, दहाव्या दिवशी तीस. दोन महिन्यांनी दिवसाला पाच-सहा येतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंना फोन आला. बोलणाऱ्याने शॉपिंग साइटचं नाव घेतलं, बाईंचं पूर्ण नाव आणि घराचा पत्ता बरोबर सांगितला. "मॅडम, तुमचे सहा हजार परत करायचे आहेत, आलेला ओटीपी सांगा." गळतीच्या नोंदीत फोन नंबर आणि पत्ता गेल्याचं आम्ही वाचलं होतं, आणि असा फोन येऊ शकतो हे मी बाईंना तेव्हाच सांगून ठेवलं होतं. त्यांनी "मी शाळेत चाळीस वर्षं खोट्या सबबी ऐकल्यात" एवढं म्हणून फोन ठेवला. `Compromised data` ची ओळ वाचण्याचा उपयोग हा असा होतो: पुढचा घाव कुठून येईल ते कळतं.

३,५०० रुपये चौथ्या दिवशी खात्यात परत आले. ६,००० बद्दल साइटने नकार दिला: योग्य पासवर्डने प्रवेश झाला होता, म्हणून जबाबदारी ग्राहकाची. आम्ही तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निकाल द्यायचा असतो. सोबत १९३० ची पोचपावती आणि वेळांसकट तिन्ही मेल जोडले. पोच वेळेत आली, निकालही वेळेत आला, आणि तो पुन्हा नकाराचाच होता. ग्राहक आयोगात जायचं का, यावर बाईंचा विचार चालू आहे.

## काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक पासवर्डची आहे हे उघड आहे. गिफ्ट कार्डाची रक्कम वर्षानुवर्षं खात्यात पडून ठेवू नये, हेही मी आता सांगतो. तिला बँकेसारखं संरक्षण नसतं. सायकल घ्यायची होती तर पैसे बचत खात्यात आणि कार्ड लगेच किराण्याला, असं चाललं असतं.

पण ज्या ठिकाणी मी पुन्हा पुन्हा थांबतो ते ठिकाण सव्वासातच्या फोनचं आहे. सगळे मेल खऱ्या दुकानांचे आहेत हे मी तेव्हाच ऐकलं होतं. मेल शोधायलाही माझी गरज नव्हती. "बाई, शॉपिंगचं ॲप उघडा आणि गिफ्ट कार्डची शिल्लक किती दिसते ते सांगा" एवढं म्हटलं असतं, तर साडेसातच्या आत शून्य दिसलं असतं आणि आठच्या आधी ग्राहकसेवेला फोन लागला असता. ६,००० चं व्हाउचर ८ वाजून १२ मिनिटांपर्यंत कुणी वापरलेलं नव्हतं. मी तेव्हा घरी चहा घेत होतो.

आता असा फोन आला की मी जागेवरून उठण्याआधी तीन प्रश्न विचारतो: मेल खऱ्या साइटचे वाटतात का, पैसे कुठे कुठे आहेत, आणि त्या प्रत्येक ॲपमध्ये आत्ता या क्षणी किती शिल्लक दिसते.